ग्लायकॉलच्या लाइनला हेझन-विल्यम्स का लावू नये

प्रश्न: चिल्ड वॉटरच्या लाइनला आम्ही नेहमी हेझन-विल्यम्स वापरतो. आता 40 टक्के ग्लायकॉलचं काम आलंय. C थोडा कमी धरला तर भागेल का, की डार्सी-वाइसबाखच लावावं लागेल?

नाही भागणार. डार्सी-वाइसबाखच लावा. नाशिककडच्या एका वायनरीच्या कामात याच मुद्द्यावरून माझं आणि कन्सल्टंटचं चांगलंच वाजलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काम साधं होतं. चिलरमधून उणे 5 अंशांवर 40 टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल निघणार, 2 इंची स्टेनलेसच्या हेडरमधून आठ फर्मेंटेशन टँकच्या जॅकेटना जाणार आणि परत येणार. हेडरमधून सेकंदाला अडीच लिटर, प्रत्येक टँकच्या 1 इंची फाट्यातून साधारण 0.3 लिटर. कन्सल्टंटने हेझन-विल्यम्सच्या शीटमध्ये C 140 टाकला, दर 100 मीटरला सुमारे 3 मीटर हेडलॉस काढला, वर दहा टक्के जादा धरले आणि पंप ठरवून टाकला.

मी तीच लाइन डार्सीने केली:

```
hf = f * (L/D) * V^2 / (2*g)
Re = V * D / nu
```

आतला व्यास 52.5 मिमी, वेग 1.15 मीटर प्रति सेकंद. आधी 20 अंशांचं पाणी धरून पाहिलं. रेनॉल्ड्स नंबर 60 हजारांच्या आसपास, `f` 0.021, आणि 100 मीटरला 2.7 मीटर. म्हणजे पाण्यावर दोन्ही सूत्रं जवळपास एकच बोलतात. मग ग्लायकॉल टाकलं. पुरवठादाराच्या तक्त्यातली उणे 5 अंशांची व्हिस्कॉसिटी घेतली, तिची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी 13 सेंटीस्टोकच्या आसपास येते. पाण्याची 1 असते. रेनॉल्ड्स थेट 4,600 वर आला, `f` 0.039 झाला आणि हेडलॉस 5 मीटर. तोच पाइप, तोच फ्लो, पण 3 च्या जागी 5.

कन्सल्टंट म्हणाले, "अरे, मग C 100 घे की. विषय संपला." आणि खरंच, हेडरला C 100 घेतला तर उत्तर साडेपाच मीटर येतं, म्हणजे जवळपास बरोबर. त्यामुळे मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. मात्र बचत म्हणून शेवटी शीट C 140 चीच राहिली, ती गोष्ट वेगळी.

पण C 100 ची ती पळवाट नक्की कुठे फसते हे बघायचं तर फाट्याकडे या. 1 इंची पाइप, आतला व्यास 26.6 मिमी, 0.3 लिटर प्रति सेकंद. रेनॉल्ड्स 1,100. म्हणजे प्रवाह सरळ लॅमिनार. इथे `f = 64/Re`, पाइप आतून गुळगुळीत आहे की खडबडीत याला काहीच किंमत उरत नाही. 100 मीटरला 3.2 मीटर येतात. C 100 ने 3 मीटर, म्हणजे ठीकच. आता त्याच फाट्यातला फ्लो निम्मा करा. लॅमिनारमध्ये हेडलॉस फ्लोच्या सरळ प्रमाणात असतो, म्हणून 1.6 मीटर. हेझन-विल्यम्समध्ये फ्लोचा घात 1.852 आहे, त्यामुळे C 100 तुम्हाला 0.8 सांगतो. निम्माच! पूर्ण फ्लोला उत्तर जुळवायचं तर C 95 लागेल, निम्म्या फ्लोला 69. पाइप तोच, द्रव तोच, तापमान तेच, आणि C दोन. C हा पाइपच्या भिंतीचा आकडा आहे. द्रव घट्ट झाला म्हणून भिंत बदलत नाही. हेझन आणि विल्यम्स यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला पाण्याच्या मोजमापांवरून हे सूत्र बसवलं, त्यात व्हिस्कॉसिटीला जागाच नाही. नेहमीच्या तापमानाच्या पाण्याची व्हिस्कॉसिटी त्यातल्या स्थिरांकात आणि घातांमध्ये कायमची मुरलेली आहे.

तर वायनरीत काय झालं? कमिशनिंग साध्या पाण्यावर केलं, बॅलन्सिंग व्हॉल्व्ह लावले, आठही टँकना फ्लो मिळाला, कागदावर सह्या झाल्या. मग ग्लायकॉल भरलं, चिलर उणे 5 वर नेला आणि शेवटचे टँक थंड होईनात. आधी चिलरवर खापर फुटलं, मग जॅकेटच्या वेल्डिंगवर. मी क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर शेवटच्या फाट्यावर लावला, तर फ्लो जेमतेम निम्मा. मग चिलर बंद ठेवून नुसता पंप फिरवत ठेवला. ग्लायकॉल जसजसं कोमट होत गेलं तसतसा त्या फाट्यातला फ्लो वर चढत गेला. व्हॉल्व्हला कुणी हात लावला नव्हता. चिलर पुन्हा सुरू केला, फ्लो पुन्हा खाली. याहून स्वच्छ पुरावा नसतो: लाइन तुंबलेली असती तर तापमानाने असा फरक पडला नसता. पंपाचा अँपिअरही थंडीत कमी दाखवत होता, कारण विरोध वाढला की सेंट्रिफ्यूगल पंपाचा फ्लो घटतो.

तिथे दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. हेडर लांब, त्यामुळे शेवटच्या फाट्याला दाब कमी उरायचा. आणि फाटे लॅमिनार झालेले, त्यामुळे पाण्यावर केलेलं बॅलन्सिंग ग्लायकॉलवर लागूच पडत नव्हतं. शिवाय जॅकेटमध्ये प्रवाह लॅमिनार झाला की उष्णताही नीट ओढली जात नाही, म्हणजे टँकला दुहेरी फटका. शेवटचे फाटे दीड इंची केले. लॅमिनारमध्ये हेडलॉस व्यासाच्या चौथ्या घाताने उतरतो, त्यामुळे फाट्यातला विरोध साडेपाच पटीने खाली आला. पंपही मोठा घ्यावा लागला. मग थंड ग्लायकॉलवरच पुन्हा बॅलन्सिंग केलं आणि टँक खाली आले.

आता तुमच्या कामाचं. व्हिस्कॉसिटी सर्वांत थंड ठिकाणची, म्हणजे चिलरच्या आउटलेटची घ्या, सरासरी तापमानाची नको. ती प्रॉपिलीनची की एथिलीनची हे आधी विचारा. त्याच टक्केवारीला प्रॉपिलीन बरंच घट्ट असतं, पण खाण्यापिण्याच्या कामात एथिलीन विषारी म्हणून वापरता येत नाही. `f` साठी कोलब्रुक सोडवा किंवा मूडी चार्ट बघा. डार्सीने येणारे मीटर हे ग्लायकॉलच्या स्तंभाचे असतात, गेजशी ताडताना घनतेने गुणा.

रेनॉल्ड्स 2,000 ते 4,000 मध्ये पडला तर कुठलंच सूत्र भरवशाचं नाही. तिथे टर्ब्युलंटचा मोठा `f` धरा, नाहीतर पाइपचा साइझ बदलून त्या पट्ट्यातून बाहेर पडा. माझ्या हेडरचा 4,600 सुद्धा काठावरच होता, म्हणून पंप निवडताना मी वर मार्जिन ठेवलं.

हेझन-विल्यम्सला मी मोडीत काढत नाहीये. गावच्या पाणीपुरवठ्याला, फायर हायड्रंटला, 2 इंचांवरच्या साध्या पाण्याच्या लाइनला ते उत्तम आहे, हाताने पटकन होतं. तुमच्या चिल्ड वॉटरलाही चालतं, फक्त 5 अंशांच्या पाण्याची व्हिस्कॉसिटी 20 अंशांच्या दीडपट असते हे लक्षात असू द्या. पण ज्या स्प्रिंकलरवाल्यांचं ते घरचं सूत्र, त्यांचं NFPA 13 सुद्धा 151 लिटरपेक्षा मोठ्या अँटीफ्रीझ सिस्टिमला डार्सी-वाइसबाख करायला लावतं. "आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो" म्हणणाऱ्याला ते कलम दाखवा. आणि ग्लायकॉलच्या ज्या हेडलॉस शीटवर द्रवाचं तापमान आणि व्हिस्कॉसिटी लिहिलेली नाही, तिच्यावर सही करू नका, मग ती कितीही मोठ्या कन्सल्टंटकडून आलेली असो.