किट म्हणते पाळी गेली, रिपोर्ट म्हणतो सगळे ठीक

‘मॅडम, माझं वय ४६. एप्रिलनंतर पाळी लांबली म्हणून ऑनलाइन मेनोपॉजचं किट मागवलं, दोन्ही वेळा दोन रेघा आल्या. आणि नंतर पाळी आलीच. मग जूनमध्ये घरी माणूस बोलावून रक्ताचं हार्मोन पॅनेल केलं, त्यात सगळं नॉर्मल, फक्त प्रोजेस्टेरॉन लाल रंगात. आता खरं काय मानायचं? आणि आम्ही काळजी घेणं सोडून दिलंय, ते चालेल का?’

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईंना मी येथे शुभांगीताई म्हणेन. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. त्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब पाहतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत आधी दिले, कारण ते थांबू शकत नव्हते. ते चालणार नाही. मूत्राची गर्भचाचणी त्याच दिवशी करावी आणि गर्भनिरोधन त्याच दिवसापासून पुन्हा सुरू करावे, असे मी त्यांना सांगितले. ज्यांची पाळी पन्नाशीच्या आत थांबते त्यांनी शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे, आणि पन्नाशीनंतर थांबते त्यांनी एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे, असा वैद्यकीय सल्ला आहे. किटवरच्या रेघांवरून ही मुदत ठरत नाही. गर्भचाचणी नकारात्मक आली आणि मग आम्ही निवांत बोलायला बसलो.

त्यांनी किटच्या पट्ट्यांचे फोटो मोबाइलवर जपून ठेवले होते. २ मेच्या फोटोत चाचणीची रेघ नियंत्रण रेघेइतकीच गडद होती, तर ९ मेच्या फोटोत ती जेमतेम दिसेल इतकी फिकट होती. शुभांगीताईंनी दोन्ही वेळा ‘आहे’ असा अर्थ लावला होता आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता, कारण गरोदरपणाच्या चाचणीत फिकट रेघही ‘आहे’ असेच सांगते, हे आपल्याकडे प्रत्येक बाईला पाठ असते. मेनोपॉजच्या पट्टीचा नियम मात्र वेगळा असतो. चाचणीची रेघ नियंत्रण रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच निकाल सकारात्मक धरायचा, आणि फिकट असेल तर नकारात्मक. किटसोबतच्या बारीक अक्षरांतल्या पत्रकात हे लिहिलेले होते. म्हणजे त्यांच्याच किटच्या नियमाने पहिली पट्टी ‘हो’ म्हणत होती आणि आठवड्यातच दुसरी ‘नाही’ म्हणत होती. त्यातही दुसरी चाचणी त्यांनी संध्याकाळी कामावरून आल्यावर, भरपूर पाणी पिऊन झाल्यावर केली होती. पत्रकात सकाळची पहिली लघवी सांगितलेली असते ती याचसाठी, कारण पातळ झालेल्या लघवीत रेघ फिकट उमटू शकते. त्यामुळे हार्मोन खरोखर उतरले होते की लघवी पातळ होती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

पण समजा, दोन्ही पट्ट्या अगदी नियमाने केल्या असत्या आणि दोन्ही गडद आल्या असत्या, तरी काय कळले असते? ही पट्टी एकच गोष्ट मोजते, ती म्हणजे लघवीतले एफएसएच हे हार्मोन साधारण २५ एककांच्या वर आहे की नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हे हार्मोन सोडते आणि बीजकोशातल्या बीजपुटकांना वाढायला सांगते. पुटक वाढू लागले की ते इस्ट्रोजेन आणि इनहिबिन तयार करते, त्यांचा निरोप पिट्युटरीला मिळतो आणि एफएसएच खाली येते. चाळिशीच्या उत्तरार्धात पुटके कमी उरतात, उत्तर यायला उशीर होतो आणि पिट्युटरी आवाज चढवते. मात्र हा चढ सरळ रेषेत होत नाही. एखाद्या महिन्यात उत्तर येतच नाही आणि एफएसएच उंच जाते, तर पुढच्याच महिन्यात एखादे पुटक जोमाने वाढते, इस्ट्रोजेन पूर्वीपेक्षाही जास्त चढते आणि एफएसएच पंचविशीच्या तरुणीसारखे दिसते. शिवाय ज्या बाईची पाळी अगदी नियमित आहे, तिचेही एफएसएच बीज सुटण्याच्या सुमारास थोडा काळ वर जातेच. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची एका वेळची पाणीपातळी ऐकून पूर चढतो आहे की ओसरतो आहे हे सांगलीकर ठरवत नाही, तसेच या एका आकड्याचे आहे. पट्टी हार्मोन बरोबर ओळखते, याबद्दल माझी तक्रार नाही. खोक्यावर ‘मेनोपॉज टेस्ट’ असे लिहिलेले असते आणि पट्टी मेनोपॉज मोजत नाही, ही माझी तक्रार आहे, आणि ती मी प्रत्येक बाईजवळ आग्रहाने मांडते.

मग मी त्यांना घरची दिनदर्शिका आणायला सांगितली. सणवार आणि पूजा यांच्या सोयीसाठी आपल्याकडे अनेक बायका पाळीच्या तारखेला खूण करून ठेवतात. शुभांगीताईंच्या खुणा अशा होत्या: ३ जानेवारी, ३० जानेवारी, ८ मार्च, १ एप्रिल, २२ मे, १८ जून, २१ जुलै. मधली अंतरे मोजली तर २७, ३७, २४, ५१, २७ आणि ३३ दिवस. आयुष्यभर अठ्ठावीस-तीस दिवसांनी येणारी पाळी आता एका चक्रातून पुढच्या चक्रात सात दिवसांहून जास्त हेलकावे खात होती, आणि ते वारंवार घडत होते. रजोनिवृत्तीकडे जाणाऱ्या संक्रमणाची सुरुवात डॉक्टर याच खुणेवरून ओळखतात. अंतर साठ दिवस किंवा त्याहून अधिक होऊ लागले की संक्रमणाचा पुढचा टप्पा सुरू झाला असे मानतात, आणि सलग बारा महिने पाळी आली नाही की मागे वळून पाहून रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर स्पष्ट म्हटले आहे की पंचेचाळिशीनंतर लक्षणे असलेल्या, एरवी निरोगी बाईत रजोनिवृत्तीचे निदान प्रयोगशाळेच्या चाचण्यांशिवायच करावे. शुभांगीताईंना हवे असलेले उत्तर त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर होते: पाळी गेलेली नाही, पण जाण्याच्या वाटेवर आहे.

आता पॅनेलकडे वळू. त्यात १४ हार्मोन होते आणि ॲपवर प्रत्येकापुढे हिरवा किंवा लाल ठिपका होता. रक्त २६ जूनला घेतले होते. पाळी १८ जूनला आली होती, म्हणजे चक्राचा तो नववा दिवस होता. एफएसएच ६.८, इस्ट्रोजेन चांगले भरपूर आणि प्रोजेस्टेरॉन ०.३. नवव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन इतकेच असायला हवे, कारण ते बीज सुटल्यानंतर, रिकाम्या झालेल्या पुटकातून तयार होते. त्याआधी ते नसल्यातच जमा असते. बीज सुटले की नाही हे पाहायचे असेल तर पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या साधारण आठवडाभर आधी रक्त द्यावे लागते, आणि ज्यांची पाळी कधी येणार हेच ठरलेले नाही त्यांच्या बाबतीत तो दिवस पकडणेही कठीण असते. रिपोर्टच्या आतल्या पानावर चक्राच्या पहिल्या आणि दुसऱ्या भागासाठी वेगवेगळ्या मर्यादा छापल्या होत्या आणि पहिल्या भागाच्या मर्यादेत ०.३ अगदी नीट बसत होते. ॲपचा लाल ठिपका मात्र दुसऱ्या भागाची मर्यादा धरून लावला गेला होता. त्याच ॲपवर खाली ‘इस्ट्रोजेनचे वर्चस्व’ असा शेरा होता आणि प्रोजेस्टेरॉनच्या क्रीमची शिफारस होती. नवव्या दिवशी इस्ट्रोजेन जास्त आणि प्रोजेस्टेरॉन कमी हे प्रत्येक निरोगी स्त्रीचे चित्र असते. त्याला आजाराचे नाव देऊन औषध विकणे मला अत्यंत गैर वाटते.

आणखी एक गोष्ट बोलता बोलता निघाली. केस गळतात म्हणून त्या रोज बायोटिनची गोळी घेत होत्या. काही प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत बायोटिनचाच वापर केलेला असतो, त्यामुळे रक्तात ते जास्त असेल तर एफएसएच आणि थायरॉइडचे टीएसएच खोटे कमी, तर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन खोटे जास्त दिसू शकतात. रक्त घेणाऱ्या मुलाने काही विचारले नव्हते आणि ॲपच्या अर्जात तो रकाना नव्हता. म्हणजे एफएसएचच्या ६.८ या आकड्यावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नव्हता. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत कारण वेगळे असते. गोळ्याच एफएसएच दाबून ठेवतात, त्यामुळे त्यांनी ही चाचणी करणे मुळातच निरर्थक आहे.

लाळेची किंवा वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यांची कुरिअरने पाठवायची किटे परदेशातल्या नातेवाइकांकडूनही येतात. लाळेतल्या हार्मोनवरून निदान करणे किंवा औषधाचे प्रमाण ठरवणे तज्ज्ञ मान्य करत नाहीत, एवढेच येथे सांगते.

मला सर्वांत जास्त बोचले ते पॅनेलमध्ये काय नव्हते ते पाहून. ५१ दिवसांनी आलेली मेमधली पाळी नऊ दिवस चालली होती, गाठी जात होत्या आणि त्यानंतर जिना चढताना धाप लागत होती. १४ हार्मोन मोजणाऱ्या त्या पॅनेलमध्ये हिमोग्लोबिन नव्हते. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. हिमोग्लोबिन ९.८ निघाले. पंचेचाळिशीनंतर अनियमित आणि जास्त रक्तस्राव असेल तर गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी केली जाते, म्हणून सोनोग्राफीनंतर अस्तराचा छोटा नमुनाही घेतला गेला. तो निर्दोष आला. बायोटिन काही दिवस थांबवून टीएसएच पुन्हा पाहिले, तेही ठीक होते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रात्री अंगातून वाफा निघून झोपमोड होते, त्यावर उपचार घ्यायचा की नाही हे त्रास किती आहे आणि इतर आजार काय आहेत यावर ठरेल, हार्मोनच्या आकड्यावर नाही, असे डॉक्टरांनी त्यांना समजावले.

दुसऱ्या भेटीत शुभांगीताईंनी सहज सांगितले की किटमधली उरलेली एक पट्टी त्यांनी आष्ट्याच्या धाकट्या बहिणीला दिली. तिचे वय ३८, पाच महिने पाळी नाही, पट्टीवर रेघ फिकट, म्हणून ‘हिचं काही नाही, ताणानं होत असेल’ असे घरात ठरले होते. तेथे मी त्यांना थांबवले. चाळिशीच्या आत पाळी थांबणे ही वेगळी बाब आहे, आणि या वयात एफएसएच तपासावेच लागते, पण ते प्रयोगशाळेत, रक्तातून, आणि गरज पडेल तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. त्याआधी गर्भचाचणी, आणि सोबत थायरॉइड व प्रोलॅक्टिन. बीजकोश खरोखर अकाली थकत असतील तर हाडे आणि हृदय यांच्यासाठी हार्मोनचे उपचार वर्षानुवर्षे घ्यावे लागतात, आणि एका फिकट रेघेवर विसंबून त्यातला वेळ वाया घालवणे परवडणारे नाही. त्यांनी माझ्यासमोरच बहिणीला फोन लावला. पुढच्या सोमवारी दोघी मिळून डॉक्टरांकडे गेल्या, आणि बहिणीच्या तपासण्या सध्या चालू आहेत.