एका वाक्यात सारांश: आधी नातं शोधा

पीटीई या इंग्रजीच्या परीक्षेत उतारा वाचून एका वाक्यात सारांश लिहायच्या प्रश्नाला 10 मिनिटं असतात आणि उत्तर 5 ते 75 शब्दांचं, एकच वाक्य लागतं. मध्ये दुसरा पूर्णविराम पडला तर अख्खं उत्तर वाया जातं, म्हणून सबमिटआधी तेवढं नक्की बघ.

नवखे बहुतेक वेळा उताऱ्याचं पहिलं वाक्य उचलतात. तिथे अनेकदा नुसती प्रस्तावना असते. समजा, उतारा मधमाश्यांवर आहे: पिकांचं परागीभवन, कीटकनाशकांमुळे घटती संख्या, शेवटी उपाय. हे तीन मुद्दे कच्चे टाइप कर आणि त्यांच्यातलं नातं शोध. मग वाक्य आपोआप जुळतं:

‘कीटकनाशकांमुळे मधमाश्या घटत असल्याने परागीभवनासाठी त्यांच्यावर अवलंबून असलेली पिकं धोक्यात आली असून, शेताच्या कडेला फुलझाडं लावणं हा त्यावरचा एक उपाय आहे.’

आकडे, उदाहरणं, तज्ज्ञांची नावं गाळायची.

उत्तर इंग्रजीत लिहिताना एक सांभाळ: दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने चिकटवू नकोस, ‘बिकॉज’ किंवा ‘सो’सारखा जोडशब्द हवा. 75 शब्द भरायचा हट्ट नको (मी तर चाळिशीतच थांबतो). वाक्य लांबलं की कर्ता-क्रियापदाचा मेळ सुटतो. अवघड शब्दांचं नंतर बघू.