ओसरतं ते नेमकं काय?

"लग्नाला सहा वर्षं झाली, लव्ह मॅरेज आहे. भांडण नाही, पण पहिल्यासारखं धडधडत नाही. तेव्हाचं ते नुसतं आकर्षण होतं का? की आता प्रेमच संपलं?" असं तुम्ही विचारलंत.

मी सांगलीत बरीच वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तास संपल्यावर दारात रेंगाळणाऱ्या मुली हेच विचारायच्या.

त्या धडधडीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्यांच्या वाटाही वेगळ्या. एक म्हणजे वेड. मी साताऱ्यात शिकत असताना पोवई नाक्यावर एका मुलाची बस यायची वेळ साधून उभी राहायचे. नाव सोडलं तर त्याच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. तो एकदा हसला, तर आठवडाभर त्या हसण्याचे अर्थ लावत बसले. डोरोथी टेनोव्ह या अमेरिकन संशोधिकेने शेकडो लोकांशी बोलून या अवस्थेला 'लिमरन्स' असं नाव दिलं आणि 1979 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं असं की हे वेड आशा आणि शंका या दोन्हींवर जगतं. 'हो' किंवा 'नाही' पक्कं कळलं की त्याचं खाणं तुटतं. ते साधारण दीड ते तीन वर्षं टिकतं. माझं दोन वर्षं चाललं. त्याचा साखरपुडा झाल्याचं कळलं, चार दिवस रडले, आणि महिन्याभरात त्या बसची वेळही विसरले.

तुमच्या बाबतीत उत्तर 'हो' आलं, एवढाच फरक. रोज शेजारी झोपणाऱ्या माणसाबद्दल 'त्याला मी आवडत असेन का' ही शंका राहत नाही. तेवढा भाग जाणारच होता.

दुसरी गोष्ट म्हणजे ओढ. बाउमाइस्टर आणि ब्रात्स्लाव्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये तिच्याबद्दल एक कल्पना मांडली, ती मला फार पटते. जवळीक किती आहे यावर ओढ ठरत नाही, जवळीक किती वेगाने वाढतेय यावर ठरते. पावसाळ्यात आमच्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर गर्दी कधी होते? पाणी फूट-फूट चढत असतं तेव्हा. तेवढ्याच उंचीवर दोन दिवस स्थिर राहिलं की लोक घरी जातात. पाणी काही कमी झालेलं नसतं.

आमचं लग्न 1989 चं, कांदेपोहे खाऊन ठरलेलं. पहिले काही महिने मला यांच्याबद्दल संकोचाशिवाय काही वाटलं नाही. ओढ आली ती दुसऱ्या वर्षी, हे घरात मोकळं बोलायला लागले तेव्हा. तुमचा चढ लग्नाआधीच झाला, आमचा नंतर. सपाटी दोघांनाही लागली.

त्या धडधडीत नसलेली तिसरी गोष्ट म्हणजे सोबतीचं प्रेम. ते ओळखायला अवघड, कारण सुरळीत चालू असताना ते जाणवतच नाही. एलेन बर्शाईड यांचा सिद्धांत आहे की दोघांचे दिनक्रम एकमेकांत विणले गेले, की तीव्र भावना उसळते ती ती वीण खंडित झाल्यावर. ऑगस्ट 2019 च्या पुरात मी मिरजेला बहिणीकडे अडकले आणि हे गावभागातल्या आमच्या घरी वरच्या मजल्यावर. दीड दिवस फोन बंद. घशाखाली घास उतरेना. तीस वर्षांत मी यांच्यासाठी कधी एवढी कासावीस झाले नव्हते.

पुढचं जरा खासगी आहे. पाणी उतरल्यावर चिखल खरवडताना यांनी सांगितलं, की 2005 च्या पुरात दुकानाचं जे नुकसान झालं ते भरायला त्यांनी मला न सांगता कर्ज काढलं होतं आणि नऊ वर्षं फेडलं. मी भयंकर चिडले. आणि त्याच संध्याकाळी, तोंडाला चिखल फासलेल्या या माणसाकडे बघून पोटात ते जुनं काहीतरी हललं. इतक्या वर्षांनी पाणी पुन्हा फूटभर चढलं होतं!

म्हणजे ओढ कायमची जातेच असं नाही. असेवेडो आणि अॅरन यांनी 2009 मध्ये जुन्या जोडप्यांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हेच दिसलं: सतत तोच विचार, ती बेचैनी उरत नाही, पण आकर्षण काहींमध्ये टिकतं. सगळ्यांत नाही. सोबतीचं प्रेमही आपोआप वाढत नाही, तेही झिजतं. भांडण नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा मी लावणार नाही. बोलणंच थांबलेल्या घरातही भांडण नसतं.

एक करून बघा. आठ दिवस कुणीतरी माहेरी किंवा कामाला बाहेर गेलं, की नेमकं काय अडतं ते बघा. गॅसचा नंबर लावणं, मुलाला शाळेत सोडणं एवढंच अडत असेल, तर ती सवय आहे. दिवसभरात घडलेली एखादी फालतू गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि समोर कुणी नाही हे लक्षात आलं, तर ते दुसरं काहीतरी आहे. ओढीचं मात्र यातून कळणार नाही. त्यासाठी सहा वर्षांत एकमेकांना न सांगितलेलं काय उरलंय, ते काढावं लागेल. फक्त कर्ज निघालं तर माझ्यासारखं लगेच ओरडू नका.