यादीत किलो लिहिलेत का?

*"वडिलांना (वय ५६) मागच्या आठवड्यात शुगर निघाली, एचबीएवनसी ८.१. शनिवारी महिन्याचं सामान भरायचंय. भात बंद, गव्हाऐवजी ज्वारी-नाचणी, नाश्त्याला ओट्स, मधल्या वेळेला शुगर-फ्री बिस्किटं आणि भडंग, अशी यादी केलीय. काही राहिलंय का?"*

ताई, तुमची यादी वाचली आणि सहा वर्षांपूर्वीची माझीच यादी आठवली. माझीही अगदी अशीच होती. राहिलंय काय, तर आकडे. कुठल्याच ओळीपुढे किती ते लिहिलेलं नाही.

आधी सांगते, मी डॉक्टर नाही. सांगलीत राहते, मला स्वतःला शुगर आहे, घरचा स्वयंपाक मीच करते. तेवढ्यावरच बोलतेय. गोड बंद, चहात साखर नको, हे तुम्हाला कळतंच, ते सोडून देते.

मला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी खाली आहाराच्या टेबलाकडे पाठवलं. तिथल्या बाईंनी एक झेरॉक्स हातात दिली. भातावर फुली, गव्हावर फुली, ज्वारी-नाचणीपुढे बरोबरची खूण. मी विचारलं, भाकरी किती खायची? मान वर न करता म्हणाल्या, "ज्वारी चालते, पोटभर खा." पुढचा नंबर पुकारलासुद्धा. त्या कागदाचे पैसे वेगळे घेतले होते, ते अजून विसरले नाही.

झालं. गणपती पेठेतून शाळूची ज्वारी आणली आणि तीन महिने भाताचं शीत तोंडात घातलं नाही. तिसऱ्या महिन्यात एचबीएवनसी जिथल्या तिथं. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून बघितलं तर २३६. डॉक्टरांना वाटलं मी चोरून खाते. घरच्यांनाही तेच वाटलं. मी रडले त्या दिवशी.

मग लेकीने डिजिटल वजनकाटा आणला, आणि भाकरी थापायच्या आधी मी पीठ मोजलं. आमच्याकडची भाकरी म्हणजे तवाभर. एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ जात होतं. माझ्या पातळ चपातीला २५ ग्रॅम कणीक लागते. म्हणजे एक भाकरी जवळजवळ तीन चपात्यांएवढी. आता हिशेब बघा. शाळूचं पीठ असो की गव्हाचं, १०० ग्रॅममध्ये साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतातच. पूर्वी मी दुपारी तीन चपात्या (५२ ग्रॅम कर्बोदकं) आणि मोठी वाटी भात (शिजलेला दीडशे ग्रॅम, म्हणजे ४२) खायची. एकूण ९४. नंतर भात सोडून दोन भाकरी, म्हणजे १४० ग्रॅम पीठ, ९८! तीन महिने उपाशी असल्यासारखं तोंड करून मी तेवढंच, उलट चार ग्रॅम जास्तच खात होते.

ज्वारी वाईट नाही हो, मी रोज खाते. पण ती गव्हाच्या जागी आहे, औषधाच्या जागी नाही.

हल्ली दुपारी ५० ग्रॅम पिठाची एकच भाकरी, सोबत मोठी वाटी उसळ किंवा कोरड्यास, भरपूर माळवं आणि वाटलं तर अर्धी वाटी भात. पहिल्या आठवड्यातच दोन तासांचा आकडा १६८ आला. (मला डॉक्टरांनी १८०च्या आत म्हणून सांगितलंय, वडिलांना किती ते त्यांच्याच डॉक्टरांना विचारा.)

म्हणून यादी किलोत करा. दुपारी ५० ग्रॅम शाळू म्हटला की महिन्याला दीड किलो. रात्री दोन पातळ चपात्या, दीड किलो कणीक. तांदूळ दिवसाला कच्चा ३० ग्रॅम, म्हणजे महिन्याला किलोच्या आत. हे एकट्या वडिलांचं. शेतात राबणारा माणूस असेल तर एवढ्यावर भागणार नाही, तेव्हा आकडे डोळे झाकून घेऊ नका. पण असं मांडलं की भात बंद करायची गरजच उरत नाही. बंद केलेला भात पंधरा दिवसांनी तिप्पट होऊन परत येतो, हे माझ्या नवऱ्याकडे बघून सांगते. तांदूळ मात्र इंद्रायणी किंवा आंबेमोहोर नको. जो भात चिकट होतो तो लवकर पचतो आणि शुगर लवकर चढवतो. कोलम किंवा जुना बासमती घ्या.

कणकेसाठी 'मल्टिग्रेन'चं पाकीट घेण्याआधी मागची घटकांची यादी वाचा. जे सर्वात जास्त असतं ते पहिलं लिहितात. बहुतेक पाकिटांवर गहू पहिला असतो आणि बाकी सगळी धान्यं मिळून चिमूटभर. त्यापेक्षा पाच किलो गव्हात एक किलो सालासकट हरभरे घालून गिरणीतून आणा आणि पीठ चाळू नका. कोंडा टाकायचा नाही.

नाचणीत एक गोम आहे. भाकरी ठीक, पण सत्त्वाची पातळ खीर किंवा आंबील सकाळी रिकाम्या पोटी प्यायली की माझा आकडा चहा-साखरेसारखा उडतो. बारीक दळलेलं, शिजवलेलं, वर पातळ, मग अडवणार कोण? ओट्सचंही तेच: जाड घ्या, मसाल्याची झटपट पाकिटं नकोत. खरं तर ओट्स आणलेच पाहिजेत असं काही नाही. भिजवलेल्या अख्ख्या मुगाची धिरडी करा. पोहे करायचे तर कच्चे ४० ग्रॅम मोजा आणि मोड आलेली मटकी व शेंगदाणे घालून ताट भरा.

आता भडंग. सांगलीत राहून हे लिहिताना जीवावर येतं, पण चुरमुरा म्हणजे फुगवलेला तांदूळ. हलका असतो म्हणून हात थांबत नाही. ३० ग्रॅम चुरमुऱ्यात सुमारे २४ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे तुमची अर्धी वाटी भात तिथेच गेली. त्यातले शेंगदाणे वेचून खायचा प्रयोग मी केलाय, जमत नाही. फुटाणे आणि भाजके शेंगदाणे आणा, मूठभर. तासगावचे बेदाणे आणि सेंद्रिय गूळ 'नैसर्गिक' म्हणून घरात शिरतात, ते साखरेच्याच रांगेत धरा.

शुगर-फ्री बिस्किटात साखर नसते हे खरं, पण मैदा नाहीतर कणीक असतेच. मागच्या तक्त्यात 'शुगर' नव्हे, 'कार्बोहायड्रेट'ची ओळ बघा. माझ्याकडच्या पुड्यावर १०० ग्रॅमला ६८ होते. तेवढ्याच पैशात पाव किलो शेंगदाणे येतात.

आणि हो, यादीत साखर राहू द्या, पाव किलो. वडिलांना ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर जेवण एकदम निम्मं करण्याआधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर शुगर खाली जाते. घाम, थरथर, डोकं हलकं वाटलं की मोजा. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा. तेव्हा बिस्किट देऊ नका, त्याला वेळ लागतो.