बातमी पाचव्या ओळीत दडली होती : माध्यमांना मेल लिहिण्याविषयी वाचकांचे प्रश्न

वडोदऱ्यात आमच्या मंडळाचं मोडी वाचन शिबिर 14 जूनला आहे. चाळीस पत्रकारांना मेल केला, एकाचंही उत्तर नाही. मेल सोबत जोडलाय. चुकलं काय?

तुमच्या मेलचं पहिलं वाक्य असं आहे : ‘आमचे मंडळ गेली अनेक वर्षे भाषा व संस्कृतीच्या संवर्धनासाठी अविरत कार्यरत असून त्याच परंपरेत मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत मोडी लिपी वाचन शिबिराचे आयोजन करण्यात आले आहे.’ मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून मंडळ, परंपरा आणि मान्यवर आधी मांडले की बातमी आपोआप वाक्याच्या शेपटीला जाते. मेलचा विषय आहे ‘प्रसिद्धीसाठी विनंती’. तो वाचून मेल कशाबद्दल आहे हे कळत नाही. आणि खरी बातमी पाचव्या ओळीत आहे : ‘ज्यांच्या घरी मोडीतील जुने दस्त असतील त्यांनी ते आणावेत, वाचून दिले जातील.’

ही ओळ उचलून वर आणायची. त्यासाठी तुमच्याकडून फोनवर तीन गोष्टी विचारून घेतल्या. वाचणारे दोघंच आहेत आणि दिवसभरात मिळून साधारण 60 पानं होतात. पानं आधी बघून ठेवावी लागतात, म्हणून नोंदणी गुरुवारी 11 जूनला बंद होते. रावपुऱ्यातलं एक कुटुंब पणजोबांच्या घराचा कागद घेऊन येणार आहे आणि बोलायला तयार आहे. या तिन्हींपैकी एकही गोष्ट मेलमध्ये नव्हती. नवा मेल असा :

> विषय : घरातले मोडी दस्त 14 जूनला मोफत वाचून मिळणार
>
> नमस्कार मॅडम,
>
> वडोदऱ्यातल्या अनेक मराठी घरांत गायकवाडी काळातली खरेदीखतं आणि पत्रं ट्रंकेत पडून आहेत, पण ती मोडीत असल्यामुळे घरात कुणालाच वाचता येत नाहीत. रविवारी 14 जूनला दांडिया बाजारात दोन मोडी वाचक ती मालकांसमोर बसून मोफत वाचून देतील.
>
> दिवसभरात 60 पानंच वाचून होतील, म्हणून नोंदणी गुरुवारी 11 जूनला बंद होते. बातमी मंगळवारपर्यंत आली तर लोकांना कागद शोधायला वेळ मिळेल.
>
> रावपुऱ्यातलं एक कुटुंब पणजोबांच्या घराचा कागद आणणार आहे. ते शनिवारी सकाळी तुमच्याशी बोलायला तयार आहेत, फोटोलाही हरकत नाही. शिबिरात कागद फक्त वाचून मिळेल. ते प्रमाणित भाषांतर नाही.
>
> मंडळाची माहिती खाली दोन ओळींत दिली आहे. फोटोंची लिंक आणि माझा फोन नंबरही तिथेच आहे.

पहिल्या परिच्छेदात कुणाचं काय अडलंय आणि काय होणार आहे ते आलं. दुसऱ्यात आत्ताच का, याचं उत्तर आलं, तेही कारणासकट. नुसतं ‘त्वरा करा’ म्हटलं असतं तर ती जाहिरात वाटली असती. 60 पानांची मर्यादा सांगितल्यावर तारीख खरी वाटते. तिसऱ्या परिच्छेदातलं कुटुंब म्हणजे पत्रकाराची निम्मी धावपळ वाचली. ‘प्रमाणित भाषांतर नाही’ हे वाक्य मुद्दाम ठेवलंय. जमिनीच्या कागदांचा उल्लेख आला की संपादक पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि चुकून तसं छापून आलं तर शिबिराच्या दिवशी भांडण तुमच्या दारात येईल.

मान्यवरांची नावं काढली म्हणून मंडळात कुरकुर होईल. ती कार्यक्रमपत्रिकेत सन्मानाने छापा. मेलमध्ये त्यांची जागा तळाशी.

हा मेल गुरुवारी 4 जूनला सकाळी दहाच्या आत गेला पाहिजे. बहुतेक कार्यालयांत दिवसाच्या बातम्या सकाळच्या बैठकीत ठरतात, आणि एक दिवस मध्ये गेला तरी शनिवारची भेट त्यामुळे हातची जात नाही. चाळीस जणांना एकगठ्ठा पाठवू नका. शहराचं पान आणि रविवारची पुरवणी सांभाळणारे सहा-सात जण शोधा आणि प्रत्येकाला स्वतंत्र मेल करा.

आमच्या वाचनालयाबद्दल छापून यावं असं वाटतं, पण ना कार्यक्रम आहे ना वर्धापनदिन. ‘आत्ताच का’ कुठून आणू?

आणू नका, शोधा. आधी स्वतःला एक प्रश्न विचारा : हीच बातमी तीन आठवड्यांनी आली तर वाचकाचं काही बिघडेल का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर ती बातमी घाईची नाही, आणि तसं भासवू नका. ‘शहरात प्रथमच’ आणि ‘ऐतिहासिक’ हे शब्द पत्रकार रोज वाचतात. तपासून पाहिलं आणि खोटं निघालं तर पुढचा मेलही उघडला जाणार नाही.

बदल शोधायची जागा म्हणजे तुमचं देवघेवीचं रजिस्टर. गेल्या दोन मे महिन्यांच्या नोंदी शेजारी ठेवा. लहान मुलांची पुस्तकं जास्त जाऊ लागली असतील, किंवा ज्येष्ठ सभासद येईनासे झाले असतील आणि तुम्ही घरपोच पुस्तकं द्यायला लागला असाल, तर तीच बातमी, आणि तिला आकडा तुमच्याच रजिस्टरचा. काहीच हललं नसेल तर शहर पानाऐवजी पुरवणीच्या संपादकांना लिहा आणि सरळ सांगा की विषयाला तारीख नाही, सोयीने घ्यावा. पुरवणीला असे विषय लागतात.

27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, हा आधार सगळ्यांना आठवतो आणि म्हणूनच तो एकट्याने पुरत नाही. त्या आठवड्यात भाषेबद्दलचे मेल ढिगाने येतात. त्या दिवसाला जोडायचंच असेल तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला लिहा, आणि मेल तुमच्याकडच्या एखाद्या विशिष्ट वस्तूने सुरू करा. दिवसाचा उल्लेख दुसऱ्या वाक्यात.

इथली वर्तमानपत्रं बहुतेक गुजराती. मराठीतला मेलच भाषांतर करून पाठवला तर चालेल?

भाषा बदलली तरी कोन तोच राहतो, म्हणून नुसतं भाषांतर पुरत नाही. मोडीचंच उदाहरण घ्या. मराठी वाचकाला ‘मोडी’ म्हटलं की कळतं. गुजराती वाचकासाठी ‘मराठी झरझर लिहायची जुनी लिपी’ हे पहिल्याच वाक्यात हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला त्यात काय? बडोदा संस्थान 1949 मध्ये विलीन झालं, पण त्या काळातले कागद काही फक्त मराठी घरांत उरलेले नाहीत. जुनं घर विकत घेतलेल्या गुजराती कुटुंबाकडेही वाचता न येणारा कागद असू शकतो. गुजराती मेलची सुरुवात तिथून करा.

पुण्या-मुंबईच्या दैनिकाला लिहिताना 11 जूनची मुदत निरुपयोगी आहे, कारण तिथला वाचक नोंदणी करायला येणार नाही. त्यांच्यासाठी शिबिर झाल्यावर, वाचलेल्या कागदांत काय निघालं ते घेऊन दोन दिवसांत लिहा. मालकांची परवानगी मात्र आधी लेखी घ्या.

उत्तर आलं नाही तर फोन करावा का? आणि फोटो जोडू का?

एकदाच, आणि मेलनेच. 4 तारखेला पाठवलं असेल तर सोमवारी 8 जूनला सकाळी त्याच मेलखाली एक नवी गोष्ट लिहा : ‘आजपर्यंत 38 पानांची नोंदणी झाली, 22 उरली.’ ‘मेल मिळाला का?’ असं विचारून पत्रकाराच्या हाती काहीच पडत नाही. फोन करायचा तर दुपारी; संध्याकाळी पानं लागत असतात.

फोटो जोडू नका, लिंक द्या, आणि लिंक परवानगी न मागता उघडते का ते दुसऱ्याच्या फोनवर पाहून घ्या. दोन फोटो पुरे : एक कागदाचा जवळून, एक तो हातात धरलेल्या माणसाचा. पहिल्यात सर्व्हे नंबर किंवा सही वाचता येत असेल तर झाका.