रोहित्र, परिणामित्र आणि ‘फिरतं रोहित्र’

“इलेक्ट्रिकल मशिन्सच्या परीक्षेसाठी एका पानात बसतील अशी टिपणं काढतोय. ट्रान्सफॉर्मरला ‘रोहित्र’ लिहिलं तर चालेल का? आणि इंडक्शन मोटर म्हणजे ‘फिरतं रोहित्र’च ना? मग समतुल्य परिपथ आणि कार्यक्षमता एकदाच पाठ केली तर भागेल का?”

‘रोहित्र’ खुशाल लिहा. ‘रोहित्र जळाले’ ही बातमी वाचून गावातल्या कुणालाही कळतं की डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर गेला. शब्द रुळलेला आहे. मात्र त्याची व्याख्या ‘वीज वाढवणारं यंत्र’ अशी लिहू नका. हे वाक्य मी इतक्या टिपणांत पाहिलंय की आता चीड येते. रोहित्र व्होल्टेज वाढवतं किंवा उतरवतं. व्होल्टेज जितक्या पटीनं वर जातं, जवळजवळ तितक्याच पटीनं करंट खाली येतो. शक्ती वाढत तर नाहीच, उलट थोडी उष्णतेत जाते.

यावर काही जाणकार म्हणतात की दोष शब्दातच आहे. ‘रोह’ म्हणजे चढणं, आणि आपल्या कोपऱ्यावरचं रोहित्र तर ११ हजार व्होल्ट ४३३ वर आणतं, मग हे रोहित्र कसलं? मला हे मुळीच पटत नाही. संगीतात आरोह आणि अवरोह दोन्ही एकाच ‘रुह्’ धातूचे. दिशा ठरवतात ते ‘आ’ आणि ‘अव’ हे उपसर्ग. ‘आरोहित्र’ केलं असतं तर शब्द एका दिशेला बांधला गेला असता. माझं मत असं की उपसर्ग न लावण्यातच या शब्दाचं शहाणपण आहे: एका बाजूला व्होल्टेजचा आरोह तर करंटचा अवरोह, दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर उलट.

खरी गंमत ‘इत्र’ची आहे. खणायचं साधन ते खनित्र, कापायचं ते लवित्र, नाव वल्हवायचं ते अरित्र. पाणिनीनं एका सूत्रात मोजून सात धातूंना हा प्रत्यय दिला. त्यांत ‘रुह्’ नाही, म्हणून ‘रोहित्र’ अशुद्ध, असं सांगणारे व्याकरणपंडित भेटतात. पण ‘वह्’ आणि ‘जन्’ तरी त्या सातांत कुठे आहेत? ‘वहित्र’ आणि ‘जनित्र’ हे शब्द संस्कृतात आहेतच, आणि जनरेटरसाठी ‘जनित्र’ आपण बिनतक्रार वापरतो. हिंदीतलं ‘परिणामित्र’ अर्थानं अधिक काटेकोर असल्याचा दावाही ऐकू येतो. हिंदीत असेल. मराठीत ‘परिणाम’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा झालेला असर, रूपांतर नव्हे; तो शब्द इथे आणला तर वाचणारा चकतो.

आता ‘फिरतं रोहित्र’. ही ओळ टिपणात ठेवा, पण तिथेच थांबलात तर मार्क जातील. तत्त्व दोघांचं एकच, फॅरडेचं प्रवर्तन. रोहित्रात दोन्ही कुंडलं स्थिर असतात आणि चुंबकीय प्रवाह बदलतो, म्हणून दोन्हीकडे वारंवारता ५० हर्ट्‌झच. मोटरमध्ये स्टेटरचं क्षेत्र फिरतं आणि रोटर त्याच्यामागे धावतो. रोटरनं क्षेत्राला पूर्ण गाठलं तर त्याच्या सळ्यांना प्रवाह छेदणारच नाही, करंट बंद, टॉर्क बंद. म्हणून तो थोडा मागे राहतो, ती स्लिप. चार ध्रुवांची, ५० हर्ट्‌झची मोटर घ्या: क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे, रोटर १४४०, स्लिप ०.०४. रोटरमधल्या करंटची वारंवारता ०.०४ × ५०, म्हणजे अवघी २ हर्ट्‌झ.

इथेच विद्यार्थी अडतात. एकीकडे ५० हर्ट्‌झ, दुसरीकडे २, मग दोन्ही एका परिपथात कसे बसवायचे? रोटरचं समीकरण लिहा आणि दोन्ही बाजूंना s नं भागा:

```
sE2 = I2 (R2 + j s X2)
E2  = I2 (R2/s + j X2)
```

करंट तोच राहिला, पण E2 आणि X2 आता रोटर थांबलेला असतानाचे, म्हणजे ५० हर्ट्‌झचे. फिरणारा रोटर कागदावर स्थिर झाला आणि त्याचं फिरणं एकट्या R2/s मध्ये जाऊन बसलं. ‘समतुल्य’ हा शब्द इथे आपली किंमत वसूल करतो: स्टेटरला जे दिसतं ते तंतोतंत तेच, आतली वस्तू मात्र वेगळी.

R2 ०.२ ओहम धरा. स्लिप ०.०४ असताना R2/s झाला ५ ओहम. यातला ०.२ हा तारेचा खरा रोध, तिथे उष्णता होते. उरलेला ४.८ कुठल्याही तारेत सापडणार नाही. तो शाफ्टवर निघणाऱ्या यांत्रिक शक्तीचा प्रतिनिधी, सूत्रात R2(1−s)/s. रोहित्राच्या दुय्यम बाजूला जिथे भार जोडतो तिथेच हा बसतो, म्हणून ‘फिरतं रोहित्र’ म्हणायचं. मोटर सुरू होताना स्लिप १, हा रोध शून्य, जणू दुय्यम बाजू शॉर्ट केलेलं रोहित्र. सुरुवातीचा करंट भडकतो तो यामुळे, आणि ब्लॉक्ड रोटर चाचणी रोहित्राच्या शॉर्ट सर्किट चाचणीसारखी दिसते तीही यामुळेच.

पण रोहित्राची एक सवय इथे नडते. त्याचा शून्यभार करंट पूर्णभाराच्या काही टक्केच असतो, म्हणून समांतर शाखा उचलून पुरवठ्याच्या टोकाशी ठेवली तरी उत्तर फारसं बिघडत नाही. मोटरमध्ये स्टेटर-रोटरच्या मध्ये हवेची फट असते. ती ओलांडून प्रवाह नेण्यासाठी मोटर शून्यभारालाही पूर्णभाराच्या तिसऱ्या हिश्शाइतका किंवा त्याहून जास्त करंट ओढते. तिथे शाखा हलवलीत तर स्टेटरमधला व्होल्टेजचा घट चुकतो आणि पुढचे सगळे आकडे सरकतात.

कार्यक्षमताही एकदाच पाठ करून भागणार नाही. रोहित्रात लोहव्यय भार असो-नसो तेवढाच, ताम्रव्यय भाराच्या वर्गानं बदलतो. १०० केव्हीएच्या रोहित्राचा लोहव्यय ४०० वॅट आणि पूर्णभारी ताम्रव्यय १६०० वॅट दिला असेल, तर दोन्ही समान होतात अर्ध्या भाराला. कारण अर्ध्या भाराला ताम्रव्यय निम्मा म्हणजे ८०० नाही, पाव म्हणजे ४०० होतो. नेमकी इथेच चूक होते. युनिटी पॉवर फॅक्टरला ५० किलोवॅट देताना व्यय ८०० वॅट, कार्यक्षमता ९८.४ टक्के, आणि हीच कमाल.

मोटरमध्ये आधी स्लिपचा वाटा बाजूला काढा. हवेच्या फटीतून १० किलोवॅट पलीकडे गेले तर s पट, म्हणजे ४०० वॅट, रोटरच्या तांब्यात जातात आणि ९६०० यांत्रिक होतात. घर्षण आणि वाऱ्याचे २०० वजा केले की शाफ्टवर ९४००. स्टेटरचा व्यय ६०० असेल तर पुरवठ्यातून १०,६०० घेतले, म्हणजे कार्यक्षमता ८८.७ टक्के. उत्तर तपासायला एक सोपी खूण आहे: मोटरची कार्यक्षमता (१ − s) पेक्षा, म्हणजे इथे ९६ टक्क्यांपेक्षा, जास्त आली तर कुठला तरी व्यय वजा करायचा राहिलाय.