इअरफोनचा आवाज गेममध्येच उशिरा का येतो?

प्रश्न: नवीन वायरलेस इअरफोन घेतले आहेत. यूट्यूबवर ओठ आणि आवाज बरोबर जुळतात, गाणीही छान वाजतात. पण गेम खेळताना गोळी झाडल्यानंतर आवाज स्पष्टपणे मागून येतो. एसबीसीऐवजी चांगला कोडेक निवडला तर हा उशीर जाईल का? लोकलमध्ये आवाज मध्येच तुटतो, त्याचाही याच्याशी संबंध आहे का?

उत्तर: कोडेक बदलल्याने उशीर फार तर थोडा कमी होईल, पण जाणार नाही, कारण त्या उशिराचा मोठा भाग कोडेकमुळे होतच नाही. मी अंधेरीत डबिंगच्या ध्वनिसंकलनाचे काम करतो. आमच्या धंद्यात आवाज एक-दोन फ्रेम इकडेतिकडे झाला तरी निर्मात्याचा फोन येतो, त्यामुळे हा विषय रोजचाच आहे.

कोडेक म्हणजे आवाज लहान करून पाठवण्याची आणि पलीकडे पुन्हा उलगडण्याची रीत. एसबीसी हा कोडेक ब्लूटूथवर संगीत ऐकवणाऱ्या प्रत्येक उपकरणात असावाच लागतो; एएसी, ॲप्टएक्स, एलडॅक हे त्यावरचे पर्याय असून ते फोन आणि इअरफोन दोन्हींत असतील तरच चालतात. एसबीसी एका वेळी साधारणपणे 128 नमुन्यांची एक चौकट तयार करतो, म्हणजे सीडीच्या दर्जाच्या आवाजात जेमतेम 3 मिलिसेकंदांचा तुकडा. एएसीची चौकट 1024 नमुन्यांची, म्हणजे सुमारे 23 मिलिसेकंदांची असते. अशा काही चौकटी एका पॅकेटमध्ये भरून फोन त्या हवेत सोडतो. हे सगळे धरले तरी हिशेब शंभर मिलिसेकंदांच्या बराच आत थांबतो, आणि प्रत्यक्षात मात्र बऱ्याच इअरफोनमध्ये आवाज 150 ते 250 मिलिसेकंद मागे असतो.

उरलेला वेळ जातो तो इअरफोनच्या आतल्या बफरमध्ये. आपल्या इमारतीत महापालिकेचे पाणी ठरावीक वेळीच येते, तरी नळ दिवसभर चालतो, कारण गच्चीवर टाकी असते. बफर म्हणजे आवाजाची तशीच टाकी. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि त्याच पट्ट्यात घराघरांतले वायफाय, शेजाऱ्याचा मायक्रोवेव्ह आणि आजूबाजूच्या सगळ्यांचे इअरफोन असतात. ब्लूटूथ सेकंदाला जास्तीत जास्त 1600 वेळा वाहिनी बदलत या गर्दीतून वाट काढते, तरी काही पॅकेटे वाटेत हरवतात आणि ती पुन्हा पाठवावी लागतात. पुन्हा पाठवलेले पॅकेट येईपर्यंत कानात शांतता पसरू नये म्हणून इअरफोन आधीच काही आवाज साठवून ठेवतो आणि नेहमी त्या साठ्यातूनच वाजवतो. साठा जितका मोठा, तितका आवाज तुटण्याचा धोका कमी, आणि तितकाच आताचा आवाज कानापर्यंत पोहोचायला उशीर अधिक. हा सौदा इअरफोन बनवणाऱ्याने आधीच ठरवलेला असतो, म्हणून एकाच कोडेकवर चालणाऱ्या दोन इअरफोनांच्या उशिरात मोठा फरक आढळतो.

आता यूट्यूबवर सगळे जुळते ते का, हे पाहू. तिथेही आवाज तितकाच उशिरा येतो, पण चित्र मुद्दाम थांबवून ठेवलेले असते. इअरफोनने आपला उशीर किती आहे हे फोनला कळवावे अशी सोय ब्लूटूथच्या नियमांतच आहे, आणि तो आकडा मिळाला नाही तर फोन स्वतः अंदाज बांधतो. व्हिडिओचे ॲप त्या आकड्याइतके चित्र मागे ठेवते. पुढची काही सेकंदे त्याच्याकडे आधीच उतरलेली असल्यामुळे त्याला यात काहीच अडचण नसते, आणि म्हणूनच ॲपवर चाललेला क्रिकेटचा थेट सामनाही बहुधा जुळलेला दिसतो. गेममध्ये मात्र तुम्ही बोट केव्हा टेकवाल हे कोणालाच आधी ठाऊक नसते. गोळीचा आवाज बोट टेकल्यावरच तयार होतो, तिथून तो टाकीत शिरतो आणि मग कानात येतो. आणि चित्र मागे ठेवावे तर खेळच जड वाटू लागेल. कीबोर्डची टकटक आणि पियानोचे ॲप यांचीही हीच गत आहे.

मानवी कानाला आणि डोळ्याला हा फरक कधी जाणवतो, याचे आकडे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 सालच्या शिफारशीत दिलेले आहेत: आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद पुढे गेला, किंवा सुमारे 125 मिलिसेकंद मागे पडला, की लक्षात येऊ लागतो. मागे पडलेला आवाज आपण अधिक खपवून घेतो, कारण दूरचा आवाज दृश्यानंतर पोहोचतो याची आपल्याला जन्मापासून सवय असते. 25 फ्रेमच्या चित्रफितीत एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते. म्हणजे 200 मिलिसेकंदांचा उशीर हा पाच फ्रेमचा झाला आणि तो कोणालाही दिसेल. डबिंगच्या बूथमध्ये कलाकाराच्या कानावर आजही वायरचाच हेडफोन असतो, तो याच कारणाने.

तुमच्या इअरफोनचा उशीर किती आहे हे घरी मोजता येते आणि त्यासाठी दुसरा एक फोन पुरतो. पियानोचे एखादे साधे ॲप उघडावे, एक इअरफोन दुसऱ्या फोनच्या माइकजवळ ठेवावा, रेकॉर्डिंग सुरू करावे आणि पडद्यावरची कळ नखाने जरा जोरात वाजवावी, म्हणजे नखाचा टक असा आवाजही रेकॉर्ड होईल. ते रेकॉर्डिंग संगणकावर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडले, की नखाची टोकदार रेघ आणि त्यानंतर सुराची सुरुवात अशा दोन खुणा वेगवेगळ्या दिसतात. त्यांच्यामधले अंतर मोजावे. मग ब्लूटूथ बंद करून हेच फोनच्या स्पीकरवर करावे. पडदा आणि ॲप यांनाही स्वतःचा थोडा वेळ लागतो, तो वजा केल्याशिवाय इअरफोनवर अन्याय होतो. माझ्याकडच्या एका स्वस्त जोडीत स्पीकरवर हे अंतर सुमारे 90 मिलिसेकंद भरले आणि इअरफोनवर सुमारे 300, म्हणजे ब्लूटूथचा वाटा 210 च्या आसपास. कोडेक एसबीसीवरून एएसीवर नेल्यावर आकडा जेमतेम हलला. त्याच जोडीचा गेम मोड चालू केल्यावर मात्र ब्लूटूथचा वाटा 100 च्या जवळ उतरला.

गेम मोड किंवा कमी उशिराचा मोड या नावाने जे मिळते, ते बहुतेक वेळा एवढेच असते: टाकी लहान केली जाते. तुमच्या इअरफोनमध्ये तो असेल तर आधी तोच वापरून पाहा. तो त्यांच्या ॲपमध्ये असतो किंवा इअरफोनवर ठरावीक वेळा टिचकी मारून चालू होतो. मात्र तो चालू ठेवून दादरला गर्दीच्या वेळी गाडीत चढलात तर आवाज आधीपेक्षा जास्त तुटेल, आणि तो बिघाड नसेल. लोकलमध्ये एक तर शेकडो ब्लूटूथ उपकरणे एका डब्यात असतात. शिवाय माणसाच्या शरीरातले पाणी ही लहर शोषून घेते, त्यामुळे मागच्या खिशात किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवलेला फोन आणि समोर चिकटून उभी असलेली माणसे यांचा परिणाम खरोखर होतो. फोन वरच्या खिशात आणला की फरक लगेच कळतो. गंमत म्हणजे मरीन ड्राइव्हवर मोकळ्या हवेत चालतानाही काहींचा आवाज तुटतो, कारण घरात भिंतींवर आपटून डोक्याच्या दुसऱ्या बाजूला पोहोचणारी लहर तिथे समुद्राकडे निघून जाते.

कोडेकचा खरा उपयोग गाण्यांसाठी आहे, आणि तिथे उशिराचा प्रश्नच येत नाही. संपूर्ण गाणेच पाव सेकंद उशिरा सुरू झाले तर कोणाला कळणार? अँड्रॉइड फोनवर `Build number` वर सात वेळा टिचकी मारली की `Developer options` उघडतात आणि त्यात `Bluetooth audio codec` दिसतो. आयफोनवर अशी निवड नसते. तो एएसी आणि एसबीसी एवढेच वापरतो. चांगल्या प्रतीच्या एसबीसीला सेकंदाला सुमारे 328 किलोबिट लागतात, तर एलडॅक 330, 660 किंवा 990 वर चालतो. 990 वर शांत खोलीत बारीक वाद्ये कदाचित अधिक मोकळी वाटतील, पण गर्दीत तेवढा मोठा प्रवाह अखंड पोहोचवणे अवघड असते आणि गाणे अडखळते. लोकलच्या गोंगाटात त्या बारकाव्यांचा फायदाही मिळत नाही. तुमच्याकडे एलडॅक असेल तर त्याची प्रत `Best Effort (Adaptive Bit Rate)` वर सोडून द्यावी. केवळ एलडॅकसाठी जास्त पैसे मोजायला मी कोणाला सांगणार नाही.

एखाद्या चित्रपटाच्या फाइलमध्ये ओठ जुळत नसतील तर इअरफोनने चुकीचा आकडा कळवला असण्याची शक्यता असते. व्हीएलसीमध्ये आवाज मागे-पुढे सरकवता येतो. विंडोजच्या संगणकावर `J` आणि `K` या कळांनी तो 50 मिलिसेकंदांच्या टप्प्याने हलतो, आणि ब्लूटूथसाठी आकडा उणे दिशेने न्यावा लागतो. टीव्हीला इअरफोन जोडला असेल तर हीच सोय टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये शोधावी. काही टीव्हींमध्ये ती नसते आणि मग इलाज नसतो.

ब्लूटूथवरच्या आवाजाची पुढची पिढी म्हणजे एलई ऑडिओ. त्यातला एलसी3 कोडेक आणि पॅकेटे ठरावीक वेळेतच पोहोचवण्याची नवी पद्धत यांमुळे टाकी मुळातच लहान ठेवता येते आणि उशीर बराच खाली येतो. त्याची संपूर्ण मानके 2022 साली पूर्ण झाली, पण फोन आणि इअरफोन दोघांनीही ती अंगीकारलेली असली पाहिजेत. खोक्यावरच्या ब्लूटूथ 5.3 या आकड्यावर विसंबू नका; त्या आवृत्तीत एलई ऑडिओ असणे सक्तीचे नाही आणि केवळ आकडा वाढल्याने उशीर कमी होत नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठेही इअरफोन घेताना दुकानदाराला तो तुमच्याच फोनला जोडून द्यायला सांगा आणि पियानोची एक कळ दाबून पाहा. गाणे लावून दाखवले तर त्यातून उशिराबद्दल काहीही कळत नाही. आणि खेळ अटीतटीचा असेल, तर फोनला जॅक नसला तरी सी-टाइप वायरचा इअरफोन लावा.